नोटीस अपुरी राहिली म्हणून पगार अडवता येतो का?

‘नोटीस पिरियड पूर्ण केल्याशिवाय फुल अँड फायनल होणार नाही, आणि एक्स्पिरियन्स लेटरही मिळणार नाही.’ खासगी नोकरीचा राजीनामा दिलेल्या माणसाला एचआरकडून येणारं हे उत्तर आता इतकं सरावाचं झालं आहे, की बहुतेकांना तो कायदाच वाटतो. नवी कंपनी तीस दिवसांत रुजू व्हायला सांगते, जुनीच्या नेमणूकपत्रात नव्वद दिवस लिहिलेले असतात, आणि मधल्या साठ दिवसांसाठी माणूस दोन्हीकडून ओढला जातो. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी बांधलेल्या आहेत. एक आहे कमावलेला पैसा, दुसरा आहे केलेल्या नोकरीचा दाखला. पैशाबाबत कायदा स्पष्ट आहे. दाखल्याबाबत तो तितका खंबीर नाही, आणि कंपन्यांचा जोर असतो तो नेमका तिथेच.

आधी नोटिशीचं स्वरूप पाहू. नोटीस पिरियड हा नेमणूकपत्रातला करार आहे. तो मोडला तर तो करारभंग ठरतो आणि त्यातून समोरच्याचं देणं निर्माण होतं. त्यापलीकडे त्यातून काही निर्माण होत नाही. कुणाला त्याच्या इच्छेविरुद्ध खुर्चीवर बसवून काम करून घ्या, असा हुकूम कोर्ट खासगी नोकरीत देत नाही. व्यक्तिगत सेवेचे करार सक्तीने अंमलात आणता येत नाहीत, हे विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्येच आहे. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि मनाविरुद्ध त्याला नोकरीत ठेवता येत नाही. याला अपवाद आहेत. नियमांत किंवा नेमणुकीच्या अटींत तसं बंधन असेल, किंवा शिस्तभंगाची कारवाई चालू किंवा प्रस्तावित असेल, तर गोष्ट वेगळी. वैमानिकांसाठी तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे लांब मुदतीच्या नोटिशीचे खास नियम आहेत. आपल्यासारख्या सामान्य नोकरदाराच्या बाबतीत मात्र ‘आम्ही राजीनामा स्वीकारलाच नाही’ या उत्तराने नोकरी आपोआप लांबत नाही.

म्हणजे प्रश्न पैशाच्या हिशेबाचा उरतो. एक काल्पनिक पण रोजचं उदाहरण घेऊ. हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा वर्षं दोन महिने नोकरी केलेली टेस्ट इंजिनिअर आहे. एकूण पगार महिना ६०,००० रुपये, त्यातलं बेसिक ३०,०००. नोटीस नव्वद दिवसांची. तिने १२ मे रोजी राजीनाम्याचा ईमेल टाकला आणि २० जूनला शेवटचा दिवस भरला. चाळीस दिवस भरले, पन्नास राहिले. नेमणूकपत्रात लिहिलं आहे, की नोटीस कमी पडल्यास तितक्या दिवसांचं बेसिक भरावं. पन्नास दिवसांचं बेसिक झालं ५०,००० रुपये. हे तिचं देणं.

आता तिचं येणं. जूनचे वीस दिवस म्हणजे ४०,००० रुपये पगार. शिल्लक रजा पंधरा, कंपनीच्या धोरणानुसार बेसिकच्या दराने त्यांचे १५,०००. एकूण ५५,०००. देणं वजा केलं तरी ५,००० रुपये हातात यायला हवेत. आणि ग्रॅच्युइटी निराळी: ३०,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले सहा वर्षं, म्हणजे साधारण १,०३,८४६ रुपये.

प्रत्यक्षात एचआरच्या शीटमध्ये काय येतं ते नीट पाहावं लागतं. पहिली गडबड दराची असते. नेमणूकपत्रात बेसिक लिहिलेलं असताना वसुली एकूण पगारावर धरली जाते, आणि ५०,००० चे एक लाख होतात. दुसरी गडबड ग्रॅच्युइटीची. ती त्याच बेरजेत ओढून तिच्यातूनही नोटिशीचे पैसे कापले जातात. हे चालत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणं कायद्यात मोजून दिली आहेत: जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने केलेलं नुकसान, हाणामारीसारखं वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा. तेही त्या कारणासाठी कामावरून काढलं असेल तरच. नोटीस अपुरी राहणं यांपैकी कशातच बसत नाही. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. तिसरी गडबड अलीकडची: नोटिशीच्या रकमेवर अठरा टक्के जीएसटी लावला जातो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मधल्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे, की अशा रकमेवर जीएसटी लागत नाही. ते परिपत्रक ईमेलला जोडलं, की ही ओळ शीटमधून काढा असं ठामपणे सांगता येतं.

मुदतीचं काय? ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांत’ हे कंपन्यांचं धोरण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्या कलम १७ नुसार कर्मचाऱ्याला काढलं असो, त्याची कपात झालेली असो किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला असो, त्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. हा बदल मोठा आहे. जुन्या वेतन प्रदान अधिनियमात दोन दिवसांची मुदत मालकाने काढलेल्या कामगारापुरती होती, आणि तो कायदाच महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू होता. संहितेत ही मर्यादा नाही. मॅनेजरही तिच्यात येतो. म्हणून ‘नोटीस भरेपर्यंत जूनचा पगार होल्डवर’ या पवित्र्याला संहितेत आधार सापडत नाही.

वजावटीबाबतही संहिता कडक आहे. वेतनातून काय कापता येईल याची यादी कलम १८ मध्ये आहे आणि यादीबाहेरची कपात करायची नाही, असं तिथे म्हटलं आहे. एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापुढे जाता कामा नये. त्या यादीत ‘नोटीस पे’ असं स्वतंत्र शीर्षक नाही. नोटिशीऐवजी वेतन कापण्याचा उल्लेख येतो तो एका ठिकाणी: दहा किंवा अधिक कर्मचारी संगनमताने, सूचना न देता गैरहजर राहिले तर जास्तीत जास्त आठ दिवसांचं वेतन. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या पगारातून नोटिशीचे पैसे थेट वळते करण्याला आव्हान देता येतं. माझं मत विचाराल, तर आकडा बरोबर असेल आणि नेमणूकपत्रात तसं लिहिलं असेल, तर या मुद्द्यावर भांडत बसण्यापेक्षा हिशेब मिटवलेला बरा. भांडावं ते चुकीच्या दरासाठी, अडकवलेल्या ग्रॅच्युइटीसाठी आणि उशिरासाठी.

कारण कंपनीची बाजूही पोकळ नाही. प्रकल्प अर्धवट टाकून माणूस निघून गेला की नुकसान होतं, आणि त्याची भरपाई मागण्याचा हक्क करार कायदा देतो. कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. पण मिळते. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, कारण सरकारी बँकेला पुन्हा भरती करायला येणारा खर्च आणि वेळ न्यायालयाला खरा वाटला. तेव्हा ‘मला कुणी काही करू शकत नाही’ म्हणून एका शुक्रवारी लॅपटॉप टेबलावर ठेवून गायब होणाऱ्याने आपली बाजू स्वतःच कच्ची केलेली असते.

आता दाखला. इथे दोन कागद वेगळे ओळखायला हवेत. रिलीव्हिंग लेटर म्हणतं, की आम्ही तुम्हाला अमुक तारखेपासून मोकळं केलं. त्यात आजची परिस्थिती आहे. देणंघेणं बाकी असताना कंपनी ते लांबवते, यात निदान तर्क आहे. एक्स्पिरियन्स लेटर मात्र सांगतं, की ही व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होती. ही घडून गेलेली गोष्ट आहे. पन्नास दिवसांची नोटीस राहिली म्हणून सहा वर्षांची नोकरी नाहीशी होत नाही, आणि ती नाहीशी झाल्यासारखं वागून माणसाची पुढची नोकरी धोक्यात आणणं मला सरळ अन्यायाचं वाटतं.

पण कायदा इथे अपुरा आहे. प्रत्येक खासगी कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला अनुभव प्रमाणपत्र दिलंच पाहिजे, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. कारखान्यांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांत कायम कामगाराला नोकरी संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क आहे. जिथे स्थायी आदेश लागू आहेत, तिथल्या कामगाराने तेच कलम दाखवावं. बाकीच्यांना नेमणूकपत्र आणि कंपनीची एचआर पॉलिसी यांत तसं लिहिलं आहे का ते शोधावं लागतं. काहीच नसेल तर वकिलामार्फत नोटीस आणि शेवटी दिवाणी दावा. दावा सावकाश चालतो आणि नवी नोकरी तोवर थांबत नाही.

म्हणूनच दाखला नसताना नोकरी सिद्ध कशी करायची, हे माहीत असावं. नव्या कंपनीच्या पडताळणीत नेमणूकपत्र, सगळ्या सॅलरी स्लिप, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ हे कागद बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतात. टीडीएस कापला असेल तर फॉर्म १६ देणं कंपनीवर बंधनकारक आहे. नोटिशीच्या वादाशी त्याचा संबंध नाही. तो अडवला तरी कापलेला कर आयकराच्या २६एएस विवरणात कंपनीच्या नावानिशी दिसतो. त्याहून भक्कम पुरावा पीएफचा. पीएफचे पैसे भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असतात, कंपनीच्या तिजोरीत नव्हे, आणि सेवेच्या तारखा यूएएन खात्यात नोंदलेल्या असतात. कंपनी सोडल्याची तारीख भरत नसेल, तर जानेवारी २०२० पासून ती सभासदाला स्वतः भरता येते: पोर्टलवर लॉगिन करून `Manage` खालच्या `Mark Exit` मध्ये जायचं, कंपनी निवडायची, तारीख आणि कारण भरायचं आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा. शेवटच्या योगदानानंतर दोन महिने थांबावं लागतं, आणि एकदा भरलेली तारीख सहज बदलत नाही, म्हणून ती राजीनाम्याच्या ईमेलमधल्या शेवटच्या दिवसाशी जुळवून घ्यावी.

हे सगळे कागद राजीनामा देण्याआधीच स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवावेत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचं लॉगिन बंद होतं. राजीनाम्याच्या पत्रातच शेवटचा दिवस, हँडओव्हर कुणाला देणार आणि कमी पडणाऱ्या दिवसांची रक्कम नेमणूकपत्राच्या दराने भरायची तयारी, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पोच घ्यावी. वरच्या उदाहरणातल्या इंजिनिअरकडे एवढं असेल, तर दोन दिवसांची मुदत उलटल्यावर ती आधी एचआरला हिशेबाचा आकडा मांडून ईमेल करील, आणि उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची वाट धरील. वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, तो दाखल करायला वकील लागतोच असं नाही, वेतन दिलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर आहे, आणि प्राधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे.