हुकातले एकतीस मिलिमीटर

साइटवर सळया येऊन पडल्या की फिटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, रिंग केवढी कापू?" ड्रॉइंगमध्ये याचं उत्तर थेट लिहिलेलं नसतं. तिथे कॉलमचं माप, सळयांचा व्यास आणि रिंगांमधलं अंतर एवढंच असतं. त्यावरून कुठली सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची, किती नग लागतील आणि त्यांचं वजन किती, हे काढून केलेला तक्ता म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, साइटच्या भाषेत बीबीएस. एक कॉलम घेऊन तो तक्ता करून पाहू.

आपला कॉलम 300 बाय 450 मिमीचा आहे. एका स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत 3000 मिमी, त्यात वरचा बीम 450 मिमी खोल. म्हणजे बीमखालची मोकळी उंची 2550. उभ्या सळया सहा, 16 मिमीच्या, म्हणजे पाच सुताच्या : चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक. आडव्या रिंगा 8 मिमीच्या. काँक्रीटचं कव्हर 40 मिमी, आणि ते रिंगच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं.

उभ्या सळईचं गणित सोपं आहे. मजल्याची उंची 3000, त्यात वरच्या मजल्याच्या सळईशी जोडण्यासाठी लॅप. ड्रॉइंगवर लॅप व्यासाच्या 50 पट दिला आहे, म्हणजे 800 मिमी. एकूण 3800. सळई 12 मीटरची येते. तिच्यातून 3800 चे तीन तुकडे निघतात आणि 600 मिमीचा तुकडा उरतो. सहा नगांना दोन सळया पुरल्या.

आता रिंग. खरी कसोटी इथेच आहे. रिंग उभ्या सळयांना नुसती एकत्र धरून ठेवत नाही. कॉलमवर भार आला की उभी सळई बाहेर वाकू पाहते आणि आतलं काँक्रीट फुगू पाहतं. दोघांनाही रिंग आवळून धरते. म्हणून तिची टोकं काटकोनात वाकवून बाहेरच्या कव्हरमध्ये सोडायची नाहीत. कव्हर उडालं की अशी रिंग उघडते. 2001 च्या भूज भूकंपानंतर पडलेल्या इमारतींच्या पाहणीत विरळ रिंगा आणि काटकोनी हूक हे दोष पुन्हा पुन्हा दिसले. टोकं 135 अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात शिरली पाहिजेत. भूकंपविषयक संहिता आयएस 13920 म्हणते, वळणानंतरची सरळ शेपूट व्यासाच्या सहापट असावी, पण 65 मिमीपेक्षा कमी नको. 8 मिमीच्या रिंगेला सहापट म्हणजे 48, तेव्हा इथे 65 च धरायचे.

कापायची लांबी काढायला सळईच्या मध्यरेषेवरून बोट फिरवत जायचं. दोन्हीकडचं कव्हर वजा केलं की रिंगचं बाहेरचं माप 220 बाय 370 होतं. मध्यरेषा दोन्ही बाजूंनी अर्धा व्यास आत, म्हणून 212 बाय 362. चारही बाजू मिळून 1148.

पण सळई कोपऱ्यावर टोकदार वळत नाही. बेंडिंगची खुंटी व्यासाच्या चौपट, 32 मिमीची धरली, तर मध्यरेषेची त्रिज्या 20 येते. काटकोनी कोपऱ्यात सळई आडवाटेने गेल्यासारखी जाते आणि सुमारे 8.6 मिमी वाचतात. असे कोपरे तीन, म्हणून 26 वजा. चौथ्या कोपऱ्यात दोन्ही टोकं येतात. प्रत्येक टोक सरळ बाजू 20 मिमी आधी सोडतं, 135 अंशांच्या वळणात 47 मिमी खातं आणि पुढे 65 मिमीची शेपूट काढतं. एका टोकाची भर 92, दोन्हींची 184.

1148 मधून 26 गेले, 184 आले : 1306. कापायला 1310 घेऊ.

साइटवर पाठ असलेलं सूत्र वेगळं आहे. बाहेरच्या मापाची परिमिती, अधिक दोन हुकांचे दहा-दहा व्यास, वजा काटकोनाला दोन आणि 135 अंशांना तीन व्यास. ते लावलं तर 1180 अधिक 160 वजा 96, म्हणजे 1244. सूत्रातले "दहा व्यास" ही शेपूट नव्हे. त्यातलं बरंचसं वळणातच जातं. उरलेली सरळ शेपूट मोजली तर जेमतेम 34 मिमी भरते, हवी त्याहून 31 ने कमी. तपासायचं असेल तर शंभर रिंगा कापण्याआधी एकच वाकवून शेपटीला टेप लावावा.

मध्यावरच्या दोन सळया कोपऱ्यापासून 169 मिमी दूर आहेत. तिथे रिंगची बाजू लांबच लांब आणि लवचीक, त्यामुळे त्यांना आडवी लिंक लागते. तिची लांबी याच हिशोबाने : 212 अधिक दोनदा 92, म्हणजे 396. कापायला 400.

नग किती? आयएस 456 प्रमाणे रिंगांमधलं अंतर कॉलमची लहान बाजू, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या 16 पट आणि 300 मिमी यांतल्या सर्वांत लहान मापापेक्षा जास्त नको. इथे ते 256 येतं. भूकंपाचा विचार करून आपल्या ड्रॉइंगने ते बरंच घट्ट केलं आहे : खाली-वर 450 मिमीच्या टप्प्यात 75, आणि मधल्या 1650 मिमीत, जिथे लॅप येतो, तिथे 100. हे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो; तीव्र भूकंपाच्या भागात याच कॉलमला 10 मिमीची रिंगही लागू शकते. शेड्यूल करणाऱ्याने त्यात हात घालू नये.

टोकांचे दोन टप्पे सहा-सहा गाळ्यांचे. मधे साडेसोळा, म्हणजे 17. बीमच्या खोलीतही 75 ने सहा. हा शेवटचा टप्पा सर्रास राहून जातो, कारण बीमच्या सळयांच्या गर्दीत रिंगा बांधणं फिटरच्या जिवावर येतं. एकूण गाळे 35. एकट्या कुंपणाला गाळ्यांपेक्षा एक खांब जास्त लागतो, पण कॉलम वर चालूच राहतो. शेवटची रिंग वरच्या मजल्याच्या हिशोबात येते. म्हणून रिंगा 35 आणि लिंकही 35.

वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले 162 करायचं, की मीटरला किलो मिळतात : 16 मिमीला 1.58 आणि 8 मिमीला 0.395.

| नाव | व्यास | लांबी (मिमी) | नग | एकूण मीटर | किलो |
|---|---|---|---|---|---|
| उभी सळई | 16 | 3800 | 6 | 22.80 | 36.0 |
| रिंग | 8 | 1310 | 35 | 45.85 | 18.1 |
| लिंक | 8 | 400 | 35 | 14.00 | 5.5 |

बेरीज 59.6 किलो. रिंगा बांधताना हूक एकावर एक येऊ न देता आळीपाळीने चारही कोपऱ्यांत फिरवायचे, नाहीतर एकच उभी रेघ कमकुवत राहते.

पाठ सूत्राने कापलं असतं तर दर रिंगेमागे 66 मिमी वाचले असते. 35 रिंगांचे मिळून 2.31 मीटर, वजनात 0.9 किलो. साठ किलोंच्या कॉलममध्ये किलोभरसुद्धा नाही, पण गेलेलं सगळं लोखंड हुकांतलं असतं.