फांदीवरचा मुक्काम

फुलोऱ्याच्या दिवसांत गासच्या एखाद्या वाडीत आंब्याच्या फांदीला मधमाश्यांचा तपकिरी घोस लटकलेला दिसला, की आपल्यापैकी कोणीतरी टेंभा पेटवायला धावतो. तो सातेरी माश्यांचा असेल तर ते पोळे नसते. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात पोळी बांधते. फांदीवर केवळ माश्याच असतात. त्या वाटेवरच्या प्रवासी होत. (आग्या माशी मात्र उघड्यावरच राहते. ती आकाराने बरीच मोठी असते. तिच्यापासून दूरच राहावे.)

मध-पराग मुबलक झाले की वसाहत वाढते, जागा अपुरी पडते. कामकरी माश्या नव्या राणीसाठी लांबट घरे बांधतात. ती घरे मेणाने बंद झाली की जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्यांसह बाहेर पडते. भरले घर लेकीला सोडून आईने निघावे, असा हा प्रकार. निघताना प्रत्येक माशी पोटभर मध घेते. राखायला पोळे नाही, पिल्ले नाहीत. म्हणून असा घोस सहसा डंख करीत नाही.

पण जायचे कोठे, हे निघताना ठरलेले नसते. ते ठरेपर्यंत राणीभोवती बिलगून थांबावे लागते. हे कोडे जर्मनीच्या मार्टिन लिंडाउअर यांनी उलगडले. १९४९ साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकमध्ये त्यांना घोसावर नाचणाऱ्या मळकट माश्या दिसल्या. कोणी काजळीने काळी, कोणी विटांच्या भुकटीने लाल. फुलांवरून आलेली माशी परागाने माखते. या तर धुराडी आणि पडक्या भिंती धुंडाळून आल्या होत्या. नाचाच्या रोखातून दिशा कळते, कालावधीतून अंतर.

जागा जितकी उत्तम तितका नाच लांबतो आणि तितक्या अधिक माश्या ती स्वतः पाहून येतात. मात्र प्रत्येक खेपेला तीच माशी थोडे कमी नाचते, शेवटी थांबते. त्यामुळे सामान्य जागेचा आग्रह आपोआप विरतो. राणी यात काहीच ठरवीत नाही; नावाचीच ती राणी! युरोपीय माश्यांच्या अभ्यासात असे आढळले, की एका जागी एकाच वेळी वीस-तीस शोधक माश्या जमल्या की निर्णय झाला. त्या परतून इतरांना इशारा देतात, सारा घोस अंग तापवतो आणि सुमारे ३५ अंशांवर एकदम उडतो.

कधी दोन जागांचे पक्ष तुल्यबळ ठरतात, थवा हवेतच फाटतो; राणी नसलेल्यांना परतावे लागते. पाऊस लागला तर शोध खोळंबतो आणि पोटातला मध संपत जातो. एरवी हा मुक्काम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. तेवढा वेळ मुलांना दूर ठेवावे आणि टेंभा विझवावा.