रोज्यात साखर ३००च्या वर गेली तर?

रमजानमध्ये आपल्या घरांत एक चूक हमखास होते. ‘दिवसभर खाणार नाही, मग गोळी कशाला?’ म्हणून औषध बंद केलं जातं. पण पोट रिकामं असतानाही यकृत रक्तात साखर सोडतच असतं. त्यात ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल, तर साखर झपाट्याने चढते.

समजा, दुपारपासून अम्मींना सारखी लघवी होतेय, घसा कोरडा पडलाय. आपण म्हणतो, रोजा आहे, तहान लागणारच. पण रोज्यात लघवी कमी व्हायला हवी. वाढली म्हणजे जादा साखर अंगातलं पाणी बाहेर ओढतेय. लगेच मशीनवर तपासा, बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. आकडा ३००च्या वर असेल तर इफ्तारची वाट न पाहता रोजा सोडवा, पाणी द्या, डॉक्टरांना फोन करा. आजाऱ्याला सवलत आहेच.

उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर आकडा कितीही असो, थेट हॉस्पिटल गाठा. मशीनवर HI आलं तरीही तेच करा. साखर मशीनला मोजता येत नाही इतकी, बहुतेक मशीनमध्ये ६००च्या वर, गेली असा त्याचा अर्थ.