पिकाची पाण्याची गरज व सिंचनाचे वेळापत्रक : रब्बी गव्हाचे एक उदाहरण

प्रस्तावना :
गव्हाला साधारणतः पेरणीनंतर 20, 42, 62 व 82 दिवसांनी, म्हणजे वाढीच्या नाजूक अवस्थांत पाणी द्यावे, अशी शिफारस रूढ आहे. तथापि प्रत्येक जमिनीत पीक दोन पाळ्यांमधील वीस दिवस तग धरू शकते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर गणिताने मिळते. प्रस्तुत लेखात ते मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पद्धती :
पाण्याची टंचाई नसलेल्या, एकसमान उंचीच्या हिरव्या गवताच्या पृष्ठभागावरून जेवढे पाणी हवेत जाते, त्यास संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन (ETo) म्हणतात. ते केवळ हवामानावर अवलंबून असते. त्यास पीक गुणांकाने (Kc) गुणले असता पिकाची गरज मिळते :

ETc = Kc × ETo

जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1998 मध्ये यासाठी पेनमन-माँटिथ समीकरण प्रमाण मानले. त्यासाठी लागणारी सर्व निरीक्षणे उपलब्ध नसल्यास बाष्पपात्राचा आधार घेतात. मात्र पात्रातील बाष्पीभवन म्हणजे ETo नव्हे. 5.7 मि.मी. या नोंदीस पात्र गुणांक 0.7 लावल्यावर ETo सुमारे 4 मि.मी. येते. ही पायरी वगळल्यास गरज चाळीस टक्क्यांहून अधिक फुगते, आणि ही चूक वारंवार आढळते.

उदाहरण :
जानेवारीतील पूर्ण वाढीच्या गव्हासाठी Kc 1.15 घेतल्यास ETc = 1.15 × 4 = 4.6 मि.मी. प्रतिदिन. जमीन मध्यम काळी, खाली मुरूम असल्याने मुळे 60 सें.मी. पर्यंतच जातात, असे समजू. दर मीटर खोलीस 160 मि.मी. उपलब्ध ओलावा धरल्यास 60 सें.मी. मध्ये 96 मि.मी. मिळतो. गव्हाला ताण न बसता त्यापैकी सुमारे 55 टक्के, म्हणजे 53 मि.मी. वापरता येतो. 53 ÷ 4.6 = 11.5, म्हणून अकराव्या दिवशी पाणी द्यावयास हवे. वीस दिवसांत गरज 92 मि.मी. होते. म्हणजे त्या पाळीपर्यंत साठा जवळजवळ रिता होण्याची वेळ येते आणि पीक त्यापूर्वीच ताणाखाली जाते. मुळे 90 सें.मी. खोल गेली असती, तर अंतर 17 दिवसांपर्यंत वाढले असते.

अकरा दिवसांची निव्वळ गरज 51 मि.मी. आहे. सारे पद्धतीची कार्यक्षमता 60 टक्के धरल्यास प्रत्यक्षात सुमारे 84 मि.मी. पाणी द्यावे लागते. 40 गुंठ्यांस हे सुमारे 340 घनमीटर होते. सेकंदास 5 लिटर देणाऱ्या पंपास त्यासाठी सुमारे 19 तास लागतात. वीज दिवसाला आठ तास असल्यास भिजवणी तिसऱ्या दिवसापर्यंत लांबते. संपूर्ण शेत एकाच वेळी पावसाने भिजलेले असल्यास शेवटचे सारे ताणाखाली येऊ नयेत, म्हणून पाणी दोन दिवस आधी सुरू करणे इष्ट.

मर्यादा :
फेब्रुवारीत ETo वाढून 5 मि.मी. झाल्यास हेच अंतर नऊ दिवसांवर येते, त्यामुळे ठरलेली पाळी हंगामभर चालत नाही. बाल्यावस्थेतील Kc तर माती किती वेळा भिजते यावर अवलंबून असल्याने सर्वाधिक अनिश्चित असतो. गणित चुकले आहे काय, हे पाहण्यासाठी पाणी देण्याच्या दिवशी 30 ते 45 सें.मी. खोलीवरील माती गिरमिटाने काढून मुठीत दाबावी. तिचा गोळा सहज बांधला जात असेल, तर पाळी लवकर येत आहे. गोळा न बांधता ढेकळे फुटत असतील, तर ती उशिरा येत आहे.