डायमध्ये खोबरेल मिसळलं तर?

वाटीत कालवलेल्या डायमध्ये चमचाभर खोबरेल, थोडा शाम्पू किंवा कंडिशनर घातला की केस कमी खराब होतात, असं सर्रास सांगतात. हिशेब करून पाहू.

६० मिली रंगाच्या क्रीममध्ये ६ टक्क्यांचा ६० मिली डेव्हलपर घातला की मिश्रणात हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के उरतं. त्यात ६० मिली कंडिशनर ओतला, की २ टक्के. शिवाय कंडिशनर बहुधा आम्लधर्मी असतो. केसाचे खवले उघडायला डायला लागतो अल्कली, त्याचा जोर तो मोडतो. इजा थोडी कमी होते खरी, पण रंगही आत नीट शिरत नाही, नीट तयारही होत नाही. कानशिलाजवळचे चिवट पांढरे केस तपकिरी-पिवळट दिसतात, दोन-चार धुण्यांत रंग उतरतो आणि बाई पंधरा दिवसांत पुन्हा डाय लावतात. वाचवलेलं नुकसान असं दामदुप्पट वसूल होतं! शाम्पूनंही डाय पातळच होतो.

खोबरेल खरंच केसात शिरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. पण त्याची जागा वाटीत नाही, केसांवर आहे. आदल्या रात्री आधी रंगवलेल्या लांबीला हलकं लावा. नवा डाय फक्त मुळांशी वाढलेल्या केसांना लावा.

डेव्हलपर न लागणारे तात्पुरते रंग मात्र कंडिशनरमध्ये खुशाल मिसळा. छटा फिकी होईल, इतकंच. डायमधल्या पीपीडीची ॲलर्जी असेल, तर कुठल्याही मिश्रणानं ती टळत नाही. ४८ तास आधी पॅच टेस्ट कराच.