डिंक फुलला पाहिजे

डिंकाचा लाडू दाताला चिकटला, की घरात पहिला संशय गुळावर जातो. गूळ जास्त झाला, पाक पुढे गेला, अशी चर्चा होते. पण लाडू फोडून नीट बघितला, तर पुष्कळदा आत काचेसारखा चकाकणारा एखादा पिवळसर खडा सापडतो. तो कच्चा राहिलेला डिंक असतो. गुळाचे गणित महत्त्वाचे आहेच, पण त्याआधी डिंक पुरता फुलायला हवा.

खायचा डिंक म्हणजे बाभूळ, खैर, धावडा अशा झाडांच्या सालीतून पाझरून सुकलेला चीक. लाडवासाठी आपल्याकडे धावड्याच्या आणि बाभळीच्या डिंकाला मागणी असते. बाजारात त्याच्या शेजारीच डिंक कतीरा ठेवलेला असतो आणि घोटाळा तिथे होतो. कतीरा पाण्यात भिजवला की फुगून लिबलिबीत होतो, तो उन्हाळ्यातल्या सरबताचा. तुपात तळायला तो उपयोगाचा नाही. ओळखायची सोपी खूण अशी, की लाडवाचा खडा पारदर्शक, मधाच्या किंवा फिक्या पिवळ्या रंगाचा असतो, तर कतीऱ्याचे तुकडे पांढुरके, अपारदर्शक आणि पापुद्र्यांसारखे असतात.

वरून कोरडा ठणठणीत दिसला, तरी डिंकाच्या खड्याच्या आत थोडे पाणी धरलेले असते. खडा गरम तुपात पडला, की डिंक मऊ पडतो आणि त्याच वेळी आतल्या पाण्याची वाफ होते. बाहेर पडू पाहणारी वाफ त्या मऊ डिंकाला फुगवते, आत असंख्य पोकळ्या तयार होतात आणि खडा लाहीसारखा पांढरा, हलका होतो. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात: डिंक मऊ होणे आणि वाफ धरणे. तूप कोमट असेल, तर वाफ हळूहळू निघून जाते आणि डिंक न फुगता चिवट होऊन बसतो. तूप फार कडकडीत असेल, तर वरचा थर झटकन ताठ होऊन तांबूस पडतो आणि आतल्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचण्याआधीच आपण घाबरून झारा घालतो. वरून खरपूस, आतून कच्चा असा डिंक याच घाईतून येतो.

म्हणून खड्याचा आकार फार महत्त्वाचा. सुपारीएवढा खडा कितीही जपून तळला, तरी त्याचा गाभा कच्चा राहतो. खलबत्त्यात हलक्या हाताने फोडून तो हरभऱ्याच्या डाळीएवढा करावा. पूड मात्र करू नये. तिचा तुपात गोळा होतो किंवा ती तळाशी बसून जळते. फोडलेला डिंक दोनेक तास उन्हात ठेवण्याची जुनी पद्धत योग्य आहे, कारण वरचा दमटपणा गेला की खडे एकमेकांना चिकटत नाहीत आणि तूप अंगावर उडत नाही.

आता एक घाणा प्रत्यक्ष करून बघू. डिंक १०० ग्रॅम, खारकेची पूड २५० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे २५० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, गूळ ३५० ग्रॅम, साजूक तूप २५० ग्रॅम, शिवाय जायफळ-वेलदोड्याची पूड. यात मध्यम आकाराचे तीसेक लाडू होतात.

तळायला लहान पण खोल कढई घ्यावी, म्हणजे थोड्या तुपातही खडे तरंगतात. मध्यम आचेवर तूप तापले की एकच खडा टाकून बघावा. तो क्षणभर तळाशी जाऊन लगेच फुलत वर आला, तर तूप तयार आहे. तळाशीच पडून राहिला, तर अजून थांबावे. पडताक्षणी तांबूस झाला, तर कढई खाली उतरवावी. मग एका वेळी चमचाभरच डिंक घालावा. जास्त घातला, की तूप एकदम निवते आणि पुढचा सगळा घाणा चिवट होतो. फुललेला डिंक तीन-चार पट मोठा दिसतो. पण दिसण्यावर विसंबू नये. प्रत्येक घाण्यातला सगळ्यात मोठा खडा काढून, निववून, बोटांत चुरडावा. त्याचा भुगा झाला पाहिजे. मध्ये कण लागला, तर पुढचा घाणा थोड्या मंद आचेवर, जरा जास्त वेळ तळावा.

उरलेल्या तुपात बदाम आणि खारकेची पूड परतून घ्यावी. खारीक पटकन करपते, तेव्हा आच मंद असावी. खोबरे आणि खसखस मात्र कोरडीच भाजावी. खोबऱ्याला स्वतःचे तेल असते आणि बारीक कुटले की ते सुटते. ज्यांना मिक्सरमधून काढलेले खोबरे आवडते, त्यांनी तूप थोडे कमीच धरावे. गार झालेला डिंक वाटीच्या बुडाने अर्धवट चुरावा, म्हणजे खाताना मधूनमधून कुरकुरीत लागतो.

लाडू बांधतो तो गूळ. तूप फक्त मऊपणा आणि चव देते. ही गोष्ट नीट लक्षात घेतली, तर बहुतेक चुका टळतात. लाडू वळेना म्हणून आपण वरून तूप ओतत जातो. मिश्रण गरम असेतोवर तो वळतोही, पण गार झाल्यावर त्यावर तुपाचा पांढरा थर धरतो आणि खाली तो बसका होतो. अशा वेळी दोन चमचे तुपात मूठभर गूळ विरघळवून घालावा, लाडू जमतो.

या घाण्यात गूळ कोरड्या जिन्नसांच्या निम्म्याहून थोडा कमी आहे, कारण खारीक मुळातच गोड असते. गव्हाचे पीठ घालून करणाऱ्यांना तो जास्त लागेल. गूळ साधा, मऊ घ्यावा; चिक्कीच्या गुळाने लाडू दगड होतो. तीन-चार चमचे तुपात चिरलेला गूळ मंद आचेवर ठेवावा, तो पूर्ण विरघळून कडेने फेस आला की लगेच उतरवावा. तार बघत बसू नये. तुपात विरघळलेला गूळ आणखी शिजत राहिला, तर गार होताच कडक होतो. उकळत्या गुळात डिंक टाकू नये, तो पुन्हा मऊ पडून चिवट होतो. आधी डिंक बाकीच्या जिन्नसांत मिसळावा, मग वरून गूळ ओतून उलथन्याने कालवावे आणि हाताला सोसेल इतके गरम असतानाच लाडू वळावेत.

वळताना हाताला पाणी किंवा दूध लावू नये, तूपच लावावे. पाण्याचा अंश नसलेला हा लाडू थंडीत महिनाभर सहज टिकतो, फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचे झाकण लावू नका.