काटस, मानवेल की माणगा?

रोपवाटिकेतून माणगा म्हणून आणलेली रोपं दोन-तीन वर्षांनी भलतीच निघतात, अशी तक्रार कोकणात नवी नाही. रोप लहान असताना बहुतेक बांबू एकसारखेच दिसतात आणि नुसत्या पानांवरून जात ओळखू पाहणं फसवं असतं. खात्रीच्या खुणा खोडावर असतात. त्या टिपायला साधा मोबाइल पुरतो, फक्त फोटो कशाचा काढायचा हे ठाऊक हवं.

पहिली आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे कोंबावरचं आवरण. पावसाळ्यात कोंब वर येतो तेव्हा प्रत्येक गाठीपासून निघालेलं एक चिवट, कागदासारखं आवरण कोवळ्या पेराला लपेटून असतं. त्याच्या टोकाला एक छोटं पातं असतं आणि पात्याच्या बुडाशी काही जातींत दोन्ही बाजूंना कानासारखे भाग असतात. आवरणावर लव आहे का, असल्यास तिचा रंग कोणता, पातं रुंद त्रिकोणी आहे की सुईसारखं निमुळतं, कान आहेत की नाहीत, यावरून जात ठरते. काटस, म्हणजेच कळक, याच्या पात्याची आतली बाजू गडद तपकिरी, मखमली लवेने भरलेली असते. मानवेलाच्या आवरणावर बाहेरून सोनेरी-तपकिरी राठ केस असतात. कोरड्या मुलखात मात्र ते जवळजवळ नसतातही.

म्हणून आवरणाचा फोटो काढताना आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू घ्याव्यात आणि मापासाठी शेजारी पट्टी ठेवावी. आवरण जमिनीपासून साधारण पाचव्या गाठीवरचं असावं, कारण अगदी बुडाची आवरणं आखूड असतात आणि शेंड्याकडची वेगळी दिसतात. उन्हाळ्यात जमिनीवर पडलेलं जुनं आवरण उचललं तर त्याची लव झडलेली असते, आणि तिथेच चूक होते.

आता गाठ. नीट पाहिलं तर गाठीवर बहुधा दोन रेषा दिसतात. खालची रेषा आवरण गळून पडल्याची खूण असते, तर वरचा उंचवटा खोडाचा स्वतःचा. बाल्कोवा या जातीत गाठ जाड असते आणि तिच्या वर पांढरट कडं असतं. काटसाच्या बुडाकडच्या गाठींवर मुळ्यांचे फुटवे वर्तुळात दिसतात.

फांद्या पाहिल्या की बराच गोंधळ मिटतो. समजा, माणगा म्हणून दाखवलेल्या एका बेटाच्या फोटोत खालच्या गाठींतून आडव्या, बिनपानांच्या, तारेसारख्या फांद्या निघाल्या आहेत आणि त्यांवर वाकडे काटे आहेत. मग तो माणगा नाही, काटस आहे. माणग्याला काटे नसतात. काटे नसतील तर मानवेल आणि माणगा यांच्यात निवड उरते. मानवेलाचं बेट दाट, गुंतलेलं असतं, गाठी फुगीर असतात आणि खोडं वरच्या भागात वाकतात. माणग्याची खोडं सरळ आणि बेट मोकळं. भरीवपणा दोघांतही असू शकतो, त्यामुळे तुकडा कापून पाहिलं तरी तेवढ्यावर निकाल देऊ नये. आवरणाचा फोटो नसेल तर जात ‘बहुधा’ म्हणूनच नोंदवावी.

बेटाची तब्येतही याच फोटोंतून कळते. बांबूचं खोड काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतं आणि नंतर जाड होत नाही. त्यामुळे या वर्षीचे कोंब गेल्या वर्षीच्या खोडांपेक्षा बारीक निघाले, तर बेटाची ताकद घटते आहे असं समजावं. पहिल्या वर्षीच्या खोडावर पांढरी भुकटी आणि आवरणं असतात, दुसऱ्या वर्षी ते हिरवं व स्वच्छ दिसतं, तिसऱ्यापासून निस्तेज होऊन त्यावर दगडफुलाचे डाग चढतात. निरोगी बेटात तिन्ही वयांची खोडं असतात. नुसती डागाळलेली, मध्ये गच्च अडकलेली खोडं दिसली तर तोडणी रखडली आहे. काही कोंब लहानपणीच सुकतात, हे नैसर्गिक आहे. पण वाढता वाढता बहुतेक नवी खोडं शेंड्याकडून कुजत असतील, तर तो रोग असू शकतो.

पानं झडून फांद्यांवर काटेरी गोल झुबके दिसले आणि त्या हंगामात कोंबच आले नाहीत, तर मानवेलाला फुलोरा आला आहे. जंगलभर एकाच वेळी फुलोरा आला की बेटं मरतात. खत-पाणी देऊन ती वाचत नाहीत. बी गोळा करावं आणि पक्व खोडं वेळेत काढावीत.

गच्च बेटासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराची तोडणी करावी. एका बाजूने आत वाट काढून मधली तीन वर्षांवरची खोडं जमिनीलगतच्या पहिल्या गाठीच्या वर कापावीत आणि कडेची नवी खोडं तशीच ठेवावीत. पावसाळ्यात कोंब वाढत असताना मात्र कुऱ्हाड लावू नये.